पोळ्याच्या फोटोत इंद्रधनुष्य: आभाळात ते खरं वाटावं म्हणून काय करायचं

बॅनरवर, लग्नाच्या अल्बममध्ये, शेतीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर इंद्रधनुष्य घातलेले फोटो आपल्याकडे भरपूर दिसतात. त्यातले बहुतेक पाहताक्षणी चिकटवलेले कळतात, आणि त्यामागे दोनच कारणं असतात. एक तर इंद्रधनुष्य जिथे दिसूच शकत नाही तिथे घातलेलं असतं. दुसरं म्हणजे ते रंगाच्या पट्ट्यासारखं आभाळावर फासलेलं असतं. इंद्रधनुष्य हा आभाळात मिसळलेला जादा प्रकाश आहे, तिथे रंगाचा लेप नसतो. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी काम हातसफाईचं आहे.

इथे एकच फोटो घेऊन सगळं करून दाखवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरचा, ऑगस्टअखेरच्या पोळ्याच्या दिवशीचा फोटो आहे. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. झूल पांघरलेली, शिंगं रंगवलेली बैलजोडी वावराच्या कडेला उभी आहे. मागे पऱ्हाटी, उजवीकडे धुऱ्यावर बाभूळ आणि त्यामागे पूर्वेचं आभाळ पावसानं काळंनिळं झालेलं. पश्चिमेला ऊन पडलंय, त्यामुळे बैलांच्या अंगावर पिवळसर उजेड आहे. फोटो मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यानं आडवा काढलेला, ४००० बाय ३००० पिक्सेलचा. क्षितिज वरून सुमारे २००० पिक्सेलवर येतं.

सॉफ्टवेअर GIMP 2.10 आहे. ते फुकट आहे आणि तालुक्याच्या स्टुडिओतल्या जुन्या संगणकावरही चालतं. फोटोशॉपवाल्यांनाही हेच सगळं लागू होतं, फक्त मेनूंची जागा बदलते.

या फोटोत इंद्रधनुष्य शोभतं का?

इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पडतं. सूर्यापासून निघून तुमच्या डोक्यातून जाणारी रेषा पुढे वाढवली तर ती जिथे जाते, तो त्याचा मध्यबिंदू. त्या बिंदूपासून तांबडी कड सुमारे ४२ अंशांवर असते आणि जांभळी जवळपास ४० अंशांवर. म्हणून ज्या फोटोत सूर्य दिसतो, किंवा ज्यात माणसं पाठमोऱ्या उजेडात काळी आलीत, त्यात इंद्रधनुष्य घालू नका. कितीही सफाईनं घातलं तरी ते खोटंच वाटेल, कारण बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी त्याचा डोळा अडखळतो.

सूर्य जितका वर, तितका हा मध्यबिंदू क्षितिजाच्या खाली जातो. सूर्य ४२ अंशांच्या वर असला की सगळी कमान जमिनीखाली जाते आणि सपाट जमिनीवरून काहीच दिसत नाही. विदर्भात जुलैच्या मध्यात दुपारी साधारण पावणेचारपर्यंत सूर्य त्याहून वर असतो. म्हणजे दुपारी दोनला काढलेल्या पेरणीच्या फोटोत इंद्रधनुष्य बसवणं चुकीचं. वेळ माहीत नसेल तर सावली बघा. सूर्य ४२ अंशांवर असताना उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा जराशी लांब पडते. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर तो फोटो सोडून द्या.

तिसरी अट उजेडाची. समोरचा पाऊस उन्हात असावा लागतो, त्यामुळे अशा वेळी जमिनीवरही बहुधा ऊन असतं आणि सावल्या स्पष्ट पडतात. सगळं आभाळ भरून आलंय, कुठे सावलीच नाही, अशा फोटोत रंगीत कमान पोरकी दिसते. आपल्या फोटोत मागे काळं आभाळ आहे आणि पुढे ऊन आहे. याहून चांगलं काही मागायलाच नको.

कमान किती मोठी आणि कुठे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. नेटवरून उतरवलेली अख्खी अर्धगोल कमान लहान करून आभाळात बसवतात, अगदी दोन झाडांच्या मध्ये. खरी कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८४ अंशांपर्यंत पसरते, आणि मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला आडव्या फोटोत सत्तरच्या आसपास अंश दिसतात. म्हणजे साध्या मोबाइल फोटोत पूर्ण कमान मावतच नाही. ती हवी असेल तर फोटो अल्ट्रावाइडनं काढलेला असावा लागतो.

हिशोब सोपा आहे. मुख्य कॅमेऱ्याच्या आडव्या फोटोत कमानीची त्रिज्या फोटोच्या रुंदीच्या सुमारे दोन तृतीयांश धरा. आपल्या ४००० पिक्सेलला ती २७०० येते. दुप्पट झूम करून काढलेला फोटो असेल तर त्रिज्याही दुप्पट, आणि अल्ट्रावाइडला निम्म्याच्या जवळपास. रंगीत पट्ट्याची जाडी त्रिज्येच्या चौदाव्या भागाएवढी, म्हणजे इथे दोनशे पिक्सेलच्या आतबाहेर. जाड रस्त्यासारखं इंद्रधनुष्य कुठे दिसलं तर समजा की हे प्रमाण पाळलेलं नाही.

आता मध्यबिंदू. आडव्या दिशेला तो कुठे हे सावल्या सांगतात. सपाट जमिनीवर पडलेल्या बैलांच्या, खांबाच्या, माणसाच्या सावल्या फोटोत पुढे वाढवल्या तर त्या सगळ्या क्षितिजावर एकाच बिंदूत मिळतात. तीच सूर्यासमोरची दिशा. यासाठी एक रिकामी लेअर घ्या आणि शिफ्ट दाबून दोन-तीन सावल्यांवरून सरळ रेघा ओढा. लक्षात ठेवा, रेघ सावलीचीच ओढायची. पऱ्हाटीच्या तासांची ओढली तर ती भलतीकडेच नेईल. आपल्या फोटोत रेघा डावीकडून १५०० पिक्सेलवर मिळतात, म्हणजे फोटोच्या मध्यापेक्षा जरा डावीकडे.

उभ्या दिशेसाठी सूर्याची उंची लागते. बैलामागे उभ्या असलेल्या माणसाची सावली प्रत्यक्षात त्याच्या उंचीच्या पावणेचारपट होती, म्हणजे सूर्य सुमारे १५ अंशांवर. ऑगस्टअखेर यवतमाळकडे साडेपाचला तो तेवढाच असतो. मग कमानीचा माथा क्षितिजापासून ४२ वजा १५, म्हणजे २७ अंश वर. या लेन्सला त्या पट्ट्यात एका अंशाला साधारण ५५ पिक्सेल पडतात, तेव्हा माथा क्षितिजाच्या सुमारे १५०० पिक्सेल वर आला. क्षितिज २००० वर आहे, म्हणून माथा वरून ५०० वर. तिथून त्रिज्येएवढं खाली उतरलं की मध्यबिंदू ३२०० वर येतो. फोटो ३००० लाच संपतो, म्हणजे मध्यबिंदू फोटोच्या खाली, बाहेर पडला. ते बरोबरच आहे.

याचा अर्थ कमान डाव्या कडेतून आत शिरते, बैलांच्या वर माथ्याला पोचते आणि उजवीकडे बाभळीजवळ, जवळपास ३९०० पिक्सेलवर क्षितिजाला टेकते. डावा पाय फोटोत दिसणारच नाही. ग्राहक म्हणेल, दोन्ही बाजू दाखवा. त्याला समजावून सांगा. एकच पाय दिसणारं इंद्रधनुष्य जास्त खरं वाटतं. लेन्स कडांकडे चित्र थोडं ताणते, त्यामुळे या आकड्यांत पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं. तेवढं डोळ्याला कळत नाही.

कमान काढणं

आधी फोटो उघडून Image > Precision मध्ये 16-bit integer करा. नाहीतर पुढे ब्लर आणि ग्रेडियंटमुळे आभाळात पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा उमटतात. मग `D` दाबून रंग मूळचे काळा-पांढरा करा आणि Layer > New Layer मधून Foreground color भरलेली, म्हणजे काळी लेअर घ्या. तिला नाव द्या «धनुष्य». काळी का, ते पुढे कळेल.

ग्रेडियंट टूल घ्या, Shape ला Radial निवडा, Repeat नको. लेअरवर कुठेही एक ओढ मारा. ओढल्यावर कोपऱ्यात छोटी चौकट उघडते, तिच्यात टोकांचे आकडे टाइप करता येतात. सुरुवातीचं टोक X १५००, Y ३२००. शेवटचं टोक X १५००, Y ४००. ही रेघ २८०० पिक्सेलची झाली, रंगांच्या मध्यापेक्षा शंभरनं जास्त, कारण बाहेरची कड काळ्यात विरायला जागा हवी.

आता त्या रेघेवर क्लिक करत थांबे वाढवा आणि प्रत्येकाला जागा व रंग द्या. मी वापरतो ते असे:

```
0     000000
92    000000
93.5  4a3a78
94.5  2f5a86
95.5  3a7a48
96.5  85803a
97.5  8c5a26
98.3  8a2b22
100   000000
```

आतून बाहेर जांभळा ते तांबडा हा क्रम पक्का लक्षात ठेवा. मुख्य कमानीत तांबडा नेहमी बाहेर असतो. रंग मुद्दाम मळकट घेतलेत. चित्रकलेच्या वहीतला लालभडक आणि पिवळाधमक रंग इथे घेतला की तो कुठल्याच उपायानं आभाळात मुरत नाही. खऱ्या इंद्रधनुष्याचे रंग शुद्ध नसतात, एकमेकांवर चढलेले असतात. सूर्याचा गोळा आभाळात अर्ध्या अंशाचा असतो, त्यामुळे प्रत्येक रंग अर्ध्या अंशानं फाकतो. त्यात सूर्य खाली उतरलेला असला की निळा-जांभळा आणखी फिका पडतो आणि तांबडा-नारिंगी वरचढ होतो. साडेपाचच्या फोटोत जांभळ्याची फक्त चाहूल लागली तरी पुष्कळ.

तो अर्ध्या अंशाचा फाका आपल्या कमानीतही यायला हवा. त्यासाठी Filters > Blur > Gaussian Blur मध्ये दोन्ही दिशांना १५ द्या. एवढ्यानं रंगांच्या कडा एकमेकांत शिरतात. तीसच्या वर गेलात तर हिरवा रंगच हरवतो आणि नुसती तांबूस-निळसर धूसर पट्टी उरते.

मिसळण: सगळं यावर अवलंबून आहे

आता लेअरचा Mode Normal वरून Screen करा. काळा भाग नाहीसा होईल, रंग तेवढे राहतील. Screen मध्ये काळा म्हणजे शून्य प्रकाश, म्हणून तो खालच्या चित्रात काहीच बदल करत नाही. जेवढा वरचा रंग उजळ, तेवढा उजेड खालच्या आभाळात वाढतो. निसर्गातही तसंच होतं: ढगाचा प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत येतच असतो, त्यात थेंबांनी परतवलेला रंगीत प्रकाश भर घालतो. थेंब ढगाला झाकत नाहीत.

Normal मध्ये ठेवून ओपॅसिटी कमी केली तरी तेच होईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, आणि आकड्यांत ते स्वच्छ दिसतं. आपल्या काळ्यानिळ्या ढगातला एक पिक्सेल घ्या: तांबडा ९५, हिरवा १०२, निळा ११२. त्यावर कमानीच्या तांबड्या कडेचा रंग, म्हणजे १३८, ४३, ३४, चाळीस टक्के ओपॅसिटीनं घातला. Normal मध्ये उत्तर येतं ११२, ७८, ८१. हिरवा आणि निळा दोन्ही उतरले, म्हणजे तिथलं आभाळ काळवंडलं. प्रकाश वाढायच्या ऐवजी कमी झाला. Screen मध्ये तोच पिक्सेल १३०, ११२, १२० होतो. तिन्ही आकडे चढले, तांबडा सर्वांत जास्त. डोळ्याला दिसते ती राखाडी ढगातून उमटलेली गुलाबीसर झाक, पावसाळ्यातल्या आभाळात दिसते तशीच.

आता तेच एका पांढऱ्या ढगाच्या पिक्सेलवर करा, २३५, २३५, २३८. Screen मध्ये तांबडा जेमतेम २३९ पर्यंत जातो. म्हणजे पांढऱ्या ढगावर कमान जवळजवळ दिसेनाशी होते. हे बिघडलं असं समजून तिथे ओपॅसिटी वाढवायला जाऊ नका. खरं इंद्रधनुष्यही उजळ ढगावरून जाताना असंच विरतं आणि काळ्या ढगावर उठून दिसतं. हा फरक तुम्हाला हातानं रंगवावा लागत नाही, Screen आपोआप देतं.

ओपॅसिटी किती ठेवायची? आपल्यासारख्या गडद आभाळाला ३५ ते ५० टक्के. सुरुवात पन्नासनं करा, उठून दहा मिनिटं दुसरं काम करा, परत येऊन बघा. बहुतेक वेळा ती चाळीसवर आणावीशी वाटेल. रंग घालत असताना डोळा सरावतो आणि हात जास्त पडतो. चित्र लहान करून, मोबाइलवर दिसतं तेवढं करून पाहिलं तर लगेच कळतं. आधी बैल दिसले आणि मग इंद्रधनुष्य, तर प्रमाण बरोबर आहे.

झाडं, डोंगर आणि तुटलेली कमान

सध्या कमान बाभळीच्या फांद्यांवरूनही जातेय. Layer > Mask मधून मास्क घालायचा आहे, पण बाभळीची बारीक पानं ब्रशनं सोडवत बसलात तर संध्याकाळ जाईल आणि कडेला पांढरी किनार राहीलच. त्यापेक्षा निळ्या चॅनेलचा उपयोग करा. उन्हातली हिरवी-पिवळी पानं तांबड्या आणि हिरव्या चॅनेलात उजळ असतात, पण निळ्यात गडद. पावसाळी ढग निळ्यात पानांपेक्षा बराच उजळ असतो. म्हणून काळ्या ढगापुढचं उन्हातलं झाड निळ्या चॅनेलात सर्वांत स्वच्छ सुटतं.

«धनुष्य» लेअर तात्पुरती बंद करून Channels टॅबमध्ये Blue वर उजवं क्लिक करून Duplicate Channel करा. ती प्रत निवडून Colors > Levels उघडा आणि काळा व पांढरा बाण एकमेकांकडे आणा, पानं पूर्ण काळी आणि आभाळ पूर्ण पांढरं होईपर्यंत. पानांच्या कडेला थोडा राखाडी राहू द्या, तोच कडा मऊ ठेवतो. खाली जमीन किंवा बैलांची पांढरी कातडी पांढरी दिसत असेल तर काळ्या ब्रशनं भरून टाका. मग Channel to Selection करा, «धनुष्य» लेअर चालू करून तिच्यावर परत या, मास्क घालताना Selection निवडा आणि मग निवड काढून टाका. झालं.

आता विचाराचं काम. जवळचं झाड कमानीला पूर्ण झाकतं, कारण त्याच्या आणि आपल्या मध्ये पाऊस नाही. पण दूरची झाडओळ, टेकडी किंवा गावाची पाण्याची टाकी जर सरीच्या पलीकडे असेल, तर त्यांच्यावरूनही रंग फिकट दिसतात. तिथे मास्क काळा न ठेवता मोठ्या मऊ ब्रशनं गडद राखाडी ठेवा. पायाजवळ, जिथे कमान क्षितिजाला टेकते, तिथे रंग जरा जास्त राहिले तरी चालतात, कारण पुष्कळदा सर तिथेच दाट असते.

आणि कमान अखंड ठेवू नका. सर सगळीकडे सारखी पडत नसते, काही ठिकाणी ढगाची सावली तिच्यावर येते. पाचशे पिक्सेलचा पूर्ण मऊ ब्रश घ्या, त्याची ओपॅसिटी पंधरा-वीस टक्के ठेवा आणि मास्कवर काळ्यानं तीन-चार ठिकाणी हलकेच फिरवा. निळं, स्वच्छ आभाळ दिसतं तिथे जास्त. डावीकडे माथ्याच्या आधीच कमान विरघळू द्या. या एका गोष्टीनं चित्रात जेवढा जीव येतो तेवढा दुसऱ्या कशानं येत नाही.

कमानीच्या आतला उजेड

पुढच्या वेळी इंद्रधनुष्य दिसलं की एक गोष्ट मुद्दाम बघा: कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ असतं. आतल्या भागातले थेंबही थोडा पांढुरका प्रकाश परत पाठवतात, बाहेरच्या भागातले पाठवत नाहीत. दुहेरी इंद्रधनुष्य असेल तेव्हा दोन कमानींमधला पट्टा तर चांगलाच काळा दिसतो. त्याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. बहुतेक बनावट इंद्रधनुष्यांत हा फरक नसतो.

Ellipse Select घ्या, Position मध्ये −११००, ६००, Size मध्ये ५२०० बाय ५२००, आणि Feather edges ६०. नवीन काळी लेअर घेऊन या निवडीत 1c2024 हा गडद राखाडी भरा, Mode Screen, ओपॅसिटी ५०. मग निवड काढून टाका आणि वरचाच मास्क इथेही लावा. फरक एवढा हलका हवा की लेअर बंद-चालू केल्याशिवाय लक्षात येऊ नये.

दुसरी कमान घालावी का? घातलीत तर रंग उलटे, तांबडा आत आणि जांभळा बाहेर. ती सुमारे ५१ अंशांवर, थोडी जास्त जाड, आणि मुख्य कमानीच्या निम्म्याहून कमी ठळक. आपल्या फोटोत तिचा माथा चौकटीच्या वर जातो, फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात तुकडा येईल. माझं मत विचाराल तर इथे ती नको, लक्ष बैलांवरून उडतं.

शेवटचा हात दाण्याचा. मोबाइलच्या फोटोत आभाळ कधीच गुळगुळीत नसतं, आणि आपली कमान मात्र काचेसारखी स्वच्छ आहे. «धनुष्य» लेअरवर Filters > Noise > RGB Noise अगदी कमी द्या आणि शंभर टक्के झूमवर शेजारच्या ढगाशी ताडून बघा. फक्त लेअरचा काळा भाग दाणेदार होऊन आभाळ उजळत नाही ना, हे तपासा. होत असेल तर आधी पट्ट्याभोवती निवड करून तेवढ्यातच दाणा घाला.

बरोबर जमलं का, कसं ओळखायचं

Windows > Dockable Dialogs > Pointer उघडा. कमानीवर एका जागी बाण ठेवून लेअर चालू-बंद करत आकडे बघा. लेअर चालू केल्यावर तिन्ही रंगांपैकी एकही आकडा कुठेही खाली उतरता कामा नये. उतरला तर कुठली तरी लेअर Normal मध्ये राहिली आहे. दुसरी परीक्षा: चित्राची एक प्रत कृष्णधवल करा. कमान फिकट उजळ पट्ट्यासारखी दिसली पाहिजे. काळी रेघ दिसली तर ती आभाळ झाकतेय.

आणि वीज?

वीजसुद्धा जादा प्रकाशच आहे, त्यामुळे पद्धत तीच: काळी लेअर, Screen. फरक ताकदीचा आहे. इंद्रधनुष्याला चाळीस टक्के पुरतात, विजेचा गाभा पूर्ण पांढरा असावा लागतो. म्हणूनच उन्हातल्या पोळ्याच्या फोटोत वीज घालू नका. ती अंधारलेल्या आभाळाची गोष्ट आहे, आणि इंद्रधनुष्यासोबत तर नकोच.

काळ्या लेअरवर पांढऱ्या, तीन-चार पिक्सेलच्या ब्रशनं ढगाकडून जमिनीकडे येणारी नागमोडी रेघ काढा. फांद्या खालच्या दिशेनं फुटतात आणि मुख्य रेघेपेक्षा बारीक व फिक्या असतात. या लेअरच्या दोन प्रती करा. एकीला Gaussian Blur ८, दुसरीला ६०. ब्लर केलेल्या दोन्हींना Colors > Colorize मधून निळसर-जांभळी झाक द्या, गाभा मात्र पांढराच राहू द्या. तिन्हींचा Mode Screen. गाभाही निळा रंगवला की दुकानाच्या पाटीतली दिव्याची नळी दिसते.

त्याहून महत्त्वाचं, वीज जिथून निघते तो ढग आतून उजळला पाहिजे. तिथे मऊ मोठ्या ब्रशनं फिकट निळसर उजेड वेगळ्या Screen लेअरवर भरा, आणि विजेचा वरचा तुकडा मास्कनं ढगाआड लपवा. खाली झाडांच्या विजेकडच्या कडांवरही थोडासा उजेड द्या. नेटवरून विजेचा फोटो घेतला असेल तर त्याचं काळं आभाळ बहुधा पुरतं काळं नसतं आणि Screen केल्यावर त्याची चौकोनी कड आभाळात दिसते. Levels मध्ये काळा बाण उजवीकडे सरकवला की ती जाते.

खरी वीज टिपायला मात्र वावरात, धुऱ्यावर किंवा झाडाखाली उभे राहू नका. दर पावसाळ्यात आपल्याकडे माणसं आणि जनावरं विजेनं दगावतात. घराच्या आतून जमेल तेवढाच फोटो काढा.

जतन आणि पाठवणं

मूळ काम `.xcf` मध्ये ठेवा, म्हणजे ग्राहकानं कमान हलकी करा म्हटलं तर एकाच लेअरला हात लावावा लागतो. द्यायची प्रत File > Export As मधून JPEG, दर्जा ९२ च्या वर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि कमानीच्या मऊ रंगात पट्टे पडतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि खाली लिहून द्या की इंद्रधनुष्य नंतर घातलेलं आहे. पावसाची वाट बघणाऱ्या दिवसांत असे फोटो गावोगावी फिरतात आणि लोक त्यावरून कुठे पाऊस झाला याचा अंदाज बांधतात.